दहावीच्या मुलाला रोज एक मेसेज: काय लिहायचं, कधी लावायचं, कधी थांबवायचं

जानेवारी लागला की दहावीच्या मुलांच्या फोनवर सुविचारांचा पाऊस सुरू होतो. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, खाली ‘प्रयत्नांती परमेश्वर’. पाठवणाऱ्या काका-मावशीचा जीव तुटत असतो, यात शंका नाही, पण मुलं ते उघडतात, अंगठा वर करतात आणि विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही. तोच मेसेज बारावीच्या मुलीला, नोकरी शोधणाऱ्या शेजाऱ्याला आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही पाठवता आला असता.

हा लेख गावापासून लांब राहणाऱ्या मामा, आत्या, दादा किंवा नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या आईवडिलांसाठी आहे. रोज फोन करणं जमत नाही आणि मुलालाही ते नको असतं. अशा वेळी ठरलेल्या वेळी आपोआप जाणारा दोन ओळींचा मेसेज उपयोगी पडतो, पण तो त्या मुलाच्या त्या दिवसाच्या अभ्यासाशी बांधलेला असेल तरच. उदाहरण म्हणून माझ्या भाच्याचं घेतो. मी पुण्यात, तो तालुक्याच्या गावी. मराठी माध्यम, राज्य मंडळ, इतिहास आवडता, भूमितीचा धसका. पूर्वपरीक्षा झाल्यावर ताईनं त्याचा स्मार्टफोन कपाटात टाकला आणि हातात बटणांचा साधा फोन दिला.

आधी विचारून घ्या

मेसेज सुरू करण्यापूर्वी मुलाला एकदा फोन करा आणि सरळ विचारा: रोज एक मेसेज पाठवला तर चालेल का, किती वाजता आलेला बरा, आणि कशाबद्दल अजिबात बोलायचं नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. भाच्यानं लगेच सांगितलं, “टक्के विचारायचे नाहीत आणि दादाचं नाव काढायचं नाही.” दादा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, ज्याच्या मार्कांच्या कहाण्या घरात अजून चालू आहेत. हे आधी कळलं नसतं, तर पहिल्याच आठवड्यात नेमकं त्याच दुखण्यावर बोट ठेवलं गेलं असतं.

मुलगा ‘नको’ म्हणाला तर विषय तिथेच संपवा. ‘बरं’ म्हणाला तर एक कबुली द्या: उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे स्पष्ट सांगितलं नाही तर मेसेज म्हणजे आणखी एक गृहपाठ होऊन बसतो. मेसेजच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं नाही हा नियमही इथूनच येतो. “झाला का अभ्यास?” ही विचारपूस वाटत असली तरी मुलाच्या कानाला ती हजेरीच असते.

मजकुराचा कच्चा माल गोळा करा

बसल्या जागी सुचेल ते लिहिलं की सुविचारच उमटतो. त्यामुळे लिहायच्या आधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: मंडळाचं वेळापत्रक, मुलाचा दिवस कसा जातो याचा अंदाज, आणि पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका. पहिल्या दोन सहज मिळतात. खरा मालमसाला तिसरीत असतो. ताईला मी भूमितीच्या उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवायला सांगितले, अर्थात भाच्याला विचारूनच. चोरून मागवलेल्या उत्तरपत्रिकेवरून लिहिलेला मेसेज मुलाला लगेच ओळखू येतो.

४०पैकी १९. घरातल्यांनी फक्त हा आकडा पाहिला होता. आत मात्र वेगळंच चित्र होतं. प्रमेयं त्याला बऱ्यापैकी येत होती. गेलेले गुण दोन ठिकाणचे होते. ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नांत त्यानं रिकाम्या चौकटी तशाच सोडल्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातल्या या कृतींचे मिळून ७ गुण असतात आणि उत्तराच्या पायऱ्या तिथे निम्म्या छापूनच दिलेल्या असतात. दुसरं म्हणजे वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना त्यानं अर्धवट सोडली होती, कारण कंपासमधली पेन्सिल बोथट होती आणि कंस उमटतच नव्हता. रेघ दोनदा खोडलेली दिसत होती.

आता लिहायला काहीतरी मिळालं. ‘भूमिती सुधार’ आणि ‘आज दोन कृतींच्या चौकटी भर’ यांतल्या दुसऱ्या वाक्यावर त्या संध्याकाळी काम करता येतं.

वेळ कोणती

बहुतेक जण सकाळी सहा-साडेसहाची वेळ लावतात. मला ती पटत नाही. डोळे चोळत उठलेल्या मुलाला मेसेज वाचून काही करायचं नसतं, त्याला शाळेला किंवा क्लासला पळायचं असतं. मेसेज अभ्यासाला बसण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचावा. भाचा क्लासवरून पाचला येतो, खातो, सहाला बसतो. म्हणून वेळ ठरली ५:४५. रात्री नऊनंतरची वेळ टाळा. दिवसभरात काय राहिलं याचा हिशेब मुलाच्या डोक्यात तेव्हा आधीच चालू असतो.

दोन ओळी कशा लिहायच्या

साध्या एसएमएसला एक मर्यादा असते आणि ती आपल्या पथ्यावर पडते. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० खुणा मावतात. त्यात मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातली हलन्ताची खूण आणि मोकळी जागा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘प्रमेय’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, फोन तो सहा मोजतो. मजकूर लांबला की एसएमएसचे ६७-६७ खुणांचे तुकडे होतात. बहुतेक फोन ते जोडून दाखवतात, काही जुने बटणांचे फोन मात्र सुटे दाखवतात. म्हणून जास्तीत जास्त दोन तुकडे, म्हणजे १३४ खुणांत आटपायचं. एवढ्या जागेत उपदेश बसत नाही, काम बसतं.

मजकुराचे तीन प्रकार मला खरोखर चालणारे वाटतात.

पहिला, आजच्या एका छोट्या कामाचा. “आज प्रमेय फक्त एकच. वही मिटून लिहून बघ.” यात किती, काय आणि कसं हे तिन्ही आलं. वही मिटून लिहायला सांगण्याला कारण आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटत राहतं, आठवून लिहायला बसलं की कुठे अडतं ते कळतं.

दुसरा प्रकार ‘हे झालं की ते’ अशा जोडणीचा. “जेवून उठलास की टीव्हीच्या आधी एक रचना. कंपास आत्ताच टेबलावर काढून ठेव.” मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात यावर बरंच काम केलं. ‘मी हे करीन’ एवढाच निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलं, तर ते काम हातून होण्याची शक्यता वाढते असं त्यांना आढळलं. मात्र जोडायची गोष्ट रोज नक्की घडणारी हवी. जेवण रोज होतं. ‘मूड आला की’ याचा भरवसा नाही.

तिसरा प्रकार दखल घेण्याचा, आणि तो जपून वापरायचा. “तू हुशार आहेस” असं लिहिण्याचा मोह फार होतो. १९९८मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश येऊ दिलं, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी कमी पडली आणि त्यानंतरची कामगिरीही घसरली. हुशार म्हटलेल्या मुलाला भूमितीत १९ पडले तर त्यानं त्याचा अर्थ काय लावायचा? म्हणून दखल घ्यायची ती केलेल्या कामाची, आणि तीही खरी. “परवाच्या कृतीत कारणं लिहिलीस, आईनं दाखवलं. तेवढ्याचे गुण मिळतात.” घडलंच नसेल तर हा मेसेज लिहायचा नाही. खोटं कौतुक मुलांना वासानंच कळतं.

भाषा घरातलीच ठेवा. एरवी तुम्ही त्याला ‘सोन्या’ म्हणत असाल तर सोन्या, नुसतं नाव घेत असाल तर नाव. समोर कधी ‘बाळा’ न म्हणणाऱ्या मामानं मेसेजमध्ये ‘प्रिय बाळा’ लिहिलं की मुलगा आईला विचारतो, मामाला काय झालंय? खाली ‘मामा’ एवढी सही पुरे.

एक आठवडा, जसाच्या तसा

पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडल्यानंतरच्या आठवड्यात भाच्याला गेलेले मेसेज असे होते.

सोमवार: “आज समरूपतेच्या दोन कृती. चौकट रिकामी सोडायची नाही, चुकली तरी भर. मामा”

मंगळवार: “अभ्यासाला बसायच्या आधी कंपासच्या पेन्सिलीला टोक. मग एकच स्पर्शिका. मामा”

बुधवारी काहीच नाही. त्या दिवशी क्लासमध्ये चाचणी असते आणि घरी आल्यावर तो दमलेला असतो.

गुरुवार: “जेवून उठलास की टीव्हीच्या आधी एक रचना. पाच मिनिटं घड्याळ लावून. मामा”

शुक्रवार: “आज इतिहास. पुस्तक न उघडता आईला एक धडा सांग. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारेल. मामा”

शनिवार: “आज अर्धा तास ग्राउंडवर जाऊन ये. अभ्यासाचं मी काही बोलत नाही. मामा”

रविवार मोकळा, कारण रविवारी मी फोन करतो.

यात भूमिती तीन दिवस असली तरी तिन्ही वेळा काम छोटं आहे. शुक्रवारी मुद्दाम त्याचा आवडता विषय ठेवला. आठवडाभर फक्त कच्च्या विषयाबद्दल मेसेज आले, तर मेसेजचा आवाज वाजला की पोटात गोळा यायला लागतो. शुक्रवारच्या मेसेजसाठी ताईला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, हे विसरू नका. घरातल्या माणसाला काम लावणारा मेसेज त्या माणसाला न विचारता पाठवला, तर मुलगा धडा सांगायला जातो आणि आई म्हणते, “थांब रे, कुकर लावतेय.”

मेसेज लावून ठेवणं

अँड्रॉइड फोनवर गुगलचं मेसेजेस ॲप असेल तर सोपं आहे. मुलाच्या नावाचा संवाद उघडा, मजकूर लिहा आणि पाठवण्याचा बाण नुसता न टेकवता दाबून धरा. `Schedule send` असा पर्याय दिसेल. तिथे तारीख आणि वेळ निवडा आणि मग बाण दाबा. मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह आलं की तो लागला. बदलायचा किंवा काढून टाकायचा असेल तर त्याच चिन्हावर टेकवा. एक अट आहे: ठरलेल्या वेळी तुमचा फोन चालू आणि रेंजमध्ये हवा. तुम्ही घाटातून प्रवास करत असाल तर ५:४५चा मेसेज वेळेवर जाईलच असं नाही.

मुलाकडे स्मार्टफोन असेल आणि दोघंही टेलिग्राम वापरत असाल तर तिथेही पाठवण्याचं बटण दाबून धरल्यावर `Schedule Message` दिसतं. तिथे लावलेला मेसेज त्यांच्या सर्व्हरवर साठतो, त्यामुळे तुमचा फोन बंद असला तरी चालतं. व्हॉट्सॲपच्या वाटेला मी यासाठी जात नाही. एकतर तुमचा मेसेज बघायला म्हणून उघडलेलं व्हॉट्सॲप वर्गाच्या ग्रुपवर जाऊन थांबतं. शिवाय ‘व्हॉट्सॲप मेसेज आपोआप पाठवा’ म्हणणारी बाहेरची ॲप फोनचा पडदा वाचायची आणि बटणं दाबायची परवानगी मागतात. त्याच फोनमध्ये तुमचे बँकेचे व्यवहार असतात. एवढ्याशा सोयीसाठी ती परवानगी देऊ नये.

पहिला मेसेज स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर किंवा घरातल्या कुणाला तरी लावून बघा. साध्या फोनवर मराठी नीट दिसतं का, तेही ताईला आधी विचारा. काही जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तसं असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर मेसेज पाठवावा लागेल आणि मग तो आईबाबाही वाचणार हे धरून लिहावं लागेल.

एका वेळी एकच आठवडा

मेसेज लावता येतात म्हटल्यावर माणसं एका बैठकीत महिनाभराचे लावून मोकळी होतात. घोळ होतो तो इथेच. ओळखीच्या एका घरात मुलीचे आजोबा गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरगावच्या काकांचा मेसेज आला, “आजचा दिवस तुझा आहे, हसत सुरुवात कर!” काकांना निरोप पोचला होता, ते स्वतः गाडीत बसून निघालेही होते. मेसेज मात्र पंधरा दिवसांपूर्वी लावलेला होता.

म्हणून दर रविवारी मुलाशी किंवा आईशी बोलून झाल्यावर पुढच्या शनिवारपर्यंतचेच मेसेज लावा. घरात आजारपण, भांडण, चाचणीत कमी गुण असं काही कळलं की आधी लागलेले मेसेज काढून टाका आणि मग फोन करा. हाच क्रम ठेवा, कारण फोनवर बोलत बसलं की ५:४५ होऊन जातात.

उपयोग होतोय की नाही हेही रविवारीच कळतं. “कसे वाटतात मेसेज?” असं विचारलं तर मुलगा ‘छान’ म्हणणार, दुसरं काय म्हणेल! त्याऐवजी विचारा, “या आठवड्यात कुठलं काम झालं?” त्यानं स्पर्शिकेचं सांगितलं तर ठीक चाललंय. काहीच आठवत नसेल तर मेसेज निम्मे करा. आणि “सहाला बसतोच मी, मेसेज नंतर बघतो” असं म्हणाला, तर तुमचं काम झालं आहे. आठवड्याला एक-दोन पुरेत.

परीक्षेचे दिवस

पेपर सुरू झाले की वेळ आणि मजकूर दोन्ही बदलतात. सकाळच्या सत्राचा पेपर ११ला सुरू होतो आणि मुलांना अर्धा तास आधी केंद्रावर पोचायचं असतं. केंद्रात मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे साडेदहाला लावलेला ‘ऑल द बेस्ट’ कपाटातल्या फोनवर वाजतो. त्याहून वाईट म्हणजे तो वाचण्यासाठी मुलगा फोन दप्तरात घालून नेतो.

आदल्या संध्याकाळी साडेसातला एक मेसेज पुरतो, आणि तो दप्तराचा: “प्रवेशपत्र, दोन पेनं, कंपासपेटी, टोक केलेली पेन्सिल, पाण्याची बाटली. आत्ताच भरून ठेव. मामा” पेपरच्या सकाळी काही पाठवू नका. पाठवावंसं वाटलंच तर आठच्या आत एक ओळ, त्याच्या नेहमीच्या अडचणीची: “आधी चौकटी.” ‘घाबरू नकोस’ मात्र लिहू नका. ज्याला भीती वाटत नव्हती त्यालाही ती आठवते.

पेपर सुटल्यावर “कसा गेला?” हा मेसेज नको. भूमितीचा पेपर दोन तासांचा, सोडवायला जादा दिलेली १० मिनिटं धरून १:१०ला सुटतो. बाहेर आल्यापासून मित्र, शिक्षक, शेजारी सगळे तेच विचारत असतात. तुमचा मेसेज संध्याकाळी पाचला लावा आणि त्यात फक्त पुढचं असू द्या: “आज पुस्तक बंद. उद्या सकाळी विज्ञान भाग १, भिंगांपासून. मामा” वेळापत्रकात दोन पेपरांमध्ये सुट्ट्या असतात. त्या दिवसांचे मेसेज पुन्हा नेहमीच्या ५:४५ला.

मेसेजच्या हाताबाहेरचं

मुलगा नीट झोपत नाही, जेवण टाकतो, मित्रांशी बोलणं बंद केलंय, किंवा “माझं काही खरं नाही, मी नसलो तरी काय फरक पडतो” असं काही बोलला, तर मेसेज बंद करून त्याच दिवशी त्याच्याशी आणि घरच्यांशी बोला. शक्य असेल तर गाडी पकडून जा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. तो मुलाला देऊन ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या वतीनं तुम्हीही तिथे फोन करून काय करावं ते विचारू शकता.

शेवटचा पेपर झाला की लागलेले सगळे मेसेज तपासून काढून टाका. घड्याळाचं चिन्ह एकाही मेसेजवर राहता कामा नये, नाहीतर सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलाला स्पर्शिका काढायला सांगितली जाते. निकालाच्या दिवसासाठी तर आधी काहीच लावू नका. ‘अभिनंदन’ लावून ठेवलं आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी आले, तर तो शब्द मागे घेता येत नाही. निकाल दुपारी जाहीर होतो. जेवणाची सुट्टी जरा लांबवा, आधी आईला फोन करा, मग तिला सांगा की फोन त्याच्याकडे दे.